लांब लेखाचा शेवट: प्रस्तावना पुन्हा न सांगता सारांश कसा लिहावा

दोन-सव्वादोन हजार शब्दांचा लेख लिहून झाला की शेवटचा परिच्छेद उरतो. नवा लिहिणारा इथे थकलेला असतो. तो वर जातो, स्वतःचीच प्रस्तावना वाचतो आणि तिची क्रियापदे बदलून खाली उतरवतो. ‘पाहणार आहोत’चे ‘पाहिले’ होते, ‘जाणून घेऊ’चे ‘जाणून घेतले’ होते, आणि सुरुवातीला ‘अशा प्रकारे’ जोडले की समारोप झाला असे वाटते. वाचकाला मात्र दोन ओळींत कळते की इथे नवे काही नाही, आणि तो लेख मिटतो.

ही सवय बहुधा शाळेतल्या निबंधातून येते. तिथे प्रस्तावना, मुद्दे, उपसंहार अशी चौकट असते आणि उपसंहार ‘असला’ पाहिजे एवढीच अपेक्षा असते. तो काय काम करतो, हे कोणी विचारत नाही. लांब लेखात हे विचारावे लागते, कारण प्रस्तावना आणि सारांश एकाच विषयावर असले तरी ते दोन वेगळ्या माणसांशी बोलतात. प्रस्तावना वाचणाऱ्याला अजून काहीच माहीत नसते. सारांश वाचणाऱ्याने सगळे वाचलेले असते. तोच माणूस अर्ध्या तासात बदललेला असतो. पहिल्याला प्रश्न हवा असतो, दुसऱ्याला हातात धरून नेता येईल असे उत्तर.

आपल्याकडच्या मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याच्या सहा खुणा सांगितल्या आहेत. उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट यांचा मेळ, ही त्यातली एक. पण अभ्यास, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा सांगणे, ही वेगळी खूण आहे आणि फल ही आणखी वेगळी. आरंभ आणि शेवट जुळणे म्हणजे शेवटी आरंभ पुन्हा म्हणणे नव्हे, हा भेद तेव्हापासूनचा आहे. जुळायचा तो विषय. सांगायचे ते फळ.

पुढच्या पायऱ्या एकाच नमुन्यावर करून दाखवल्या आहेत, कारण या कामातली गोम उदाहरणाशिवाय कळत नाही.

नमुना: कूलरचा लेख

समजा नागपूरच्या वाचकांसाठी उन्हाळ्याआधी कूलरची तयारी कशी करावी, यावर बावीसशे शब्दांचा लेख लिहिला आहे. त्यात सात भाग आहेत: कूलरची जागा, बाजूंच्या गवताच्या ताट्या, पंप, टाकी, वायरिंग, डास आणि पावसाळ्यातली साठवण. प्रस्तावना अशी आहे:

> मार्च उजाडला की नागपुरात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. पारा पंचेचाळिशीच्या पुढे जाणाऱ्या या शहरात कूलरशिवाय उन्हाळा काढणे अवघड. पण गेल्या वर्षी गारेगार हवा देणारा तोच कूलर यंदा नुसता घूं-घूं करतो आणि खोली काही थंड होत नाही, असे का? या लेखात आपण कूलरची जागा, ताट्या, पंप, टाकी, वायरिंग, डास आणि पावसाळ्यातली साठवण या सात गोष्टी पाहणार आहोत. नीट निगा राखली तर तोच कूलर अनेक वर्षे साथ देतो.

आणि पहिल्या झटक्यात लिहिलेला शेवट असा:

> अशा प्रकारे आपण कूलरची जागा, ताट्या, पंप, टाकी, वायरिंग, डास आणि साठवण या सात गोष्टी पाहिल्या. नागपूरच्या कडक उन्हाळ्यात कूलरला पर्याय नाही. त्यामुळे त्याची वेळच्या वेळी निगा राखणे गरजेचे आहे. योग्य काळजी घेतली तर तुमचा कूलर वर्षानुवर्षे गार हवा देत राहील.

व्याकरण ठीक आहे, वाक्ये सुटसुटीत आहेत, चूक म्हणावी अशी एकही नाही. तरी चारही वाक्ये प्रस्तावनेतली आहेत. पहिले वाक्य म्हणजे काळ बदललेली अनुक्रमणिका. दुसरे उन्हाळ्याबद्दल, जे नागपूरकराला कोणी सांगायची गरज नव्हती. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक दिवस, त्याने अंगावर काढलेले असतात. तिसरे आणि चौथे मिळून प्रस्तावनेचे शेवटचे वाक्य होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: प्रस्तावनेने एक प्रश्न विचारला होता, कूलर यंदा थंड का करत नाही? या शेवटाने त्याचे उत्तर दिलेलेच नाही.

पहिली पायरी: प्रस्तावना झाका

कागदावर लिहीत असाल तर पहिले पान उलटे ठेवा. स्क्रीनवर असाल तर लेखाचा फक्त मधला भाग नव्या पानावर घ्या. सारांश लिहून होईपर्यंत प्रस्तावना डोळ्यांसमोर येऊ द्यायची नाही. ही युक्ती बाळबोध वाटते, पण पुनरुक्तीचे अर्धे दुखणे इथेच बरे होते. प्रस्तावना दिसत असली की तिची वाक्यरचना कानात घुमत राहते आणि हात आपोआप तेच वळण घेतो.

शक्य असेल तर मध्ये एक रात्र जाऊ द्या. नसेल तर निदान एक चहा होऊ द्या.

दुसरी पायरी: प्रत्येक भागाचे एक फळ-वाक्य काढा

आता मधला भाग सुरुवातीपासून वाचा आणि प्रत्येक उपशीर्षकाखालून एकच वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा. वाक्य निवडण्याची कसोटी अशी: हे वाक्य प्रस्तावनेत लिहिता आले असते का? आले असते तर ते सोडा. जे वाक्य तो भाग वाचल्याशिवाय कळलेच नसते, ते घ्या.

इथे सर्रास एक घोटाळा होतो. लोक भागाचे फळ लिहिण्याऐवजी भागाचे नाव लिहितात. ‘ताट्यांचे प्रकार आणि त्या कधी बदलाव्यात हे सांगितले’ हे नाव आहे. ‘ताटीवर कोरडा पट्टा दिसला की तिथून ऊन हवा तशीच आत येते’ हे फळ आहे. ओळखायचे कसे? वाक्यातून ‘सांगितले’, ‘पाहिले’, ‘चर्चा केली’, ‘माहिती घेतली’ हे क्रियापद काढून टाका. काही उरत नसेल तर ते नाव होते. फळ-वाक्यात क्रिया कूलर करतो, पाणी करते, हवा करते. लेख किंवा लेखक काही करत नाही.

कूलरच्या लेखातून अशी सात वाक्ये निघाली:

जागा: कूलरला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि समोरचे दार किंवा खिडकी वीतभर उघडी हवी, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते.

ताट्या: गवत दबले किंवा सरकले की कोरडा पट्टा पडतो आणि तिथून ऊन हवा तशीच आत येते.

पंप: ताटीवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हळीची छिद्रे बुजली तर पंप चालू असूनही ताटी कोरडी राहते.

टाकी: बोअरच्या कठीण पाण्याचा क्षार साचतो आणि तोच छिद्रांत जाऊन बसतो, म्हणून उरलेल्या पाण्यात नुसती भर न घालता ते अधूनमधून पूर्ण काढून टाकावे.

वायरिंग: टाकीला किंवा ताटीला हात लावण्याआधी प्लग काढायचा, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय लोखंडी कूलर सुरू करायचा नाही.

डास: आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतल्या भिंती घासायच्या, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्यात तरंगत नाहीत, भिंतीला चिकटून असतात.

साठवण: पावसाळ्यात हवा दमट झाली की पाणी फारसे उडत नाही, म्हणून कूलर फारसे गार करत नाही; तेव्हा टाकी कोरडी करून झाकून ठेवावा.

सात ओळी झाल्या. इथेच थांबून त्या एकाखाली एक लावल्या तर तो सारांश होईल का? होईल, पण वाईट. प्रस्तावना पुन्हा सांगण्याऐवजी आता लेखच पुन्हा सांगितला जाईल, फक्त लहान करून. ज्याने बावीसशे शब्द आत्ताच वाचले त्याला ही यादी नको आहे.

तिसरी पायरी: वाक्ये एकमेकांत गुंफा

सगळे काम खरे तर या पायरीत आहे, म्हणून तिला वेळ द्या. सात ओळी समोर ठेवून एकच गोष्ट शोधायची: कोणती ओळ कोणत्या ओळीचे कारण आहे?

टाकी, पंप आणि ताट्या यांच्या ओळी पाहा. लेखात त्या तीन वेगळ्या उपशीर्षकांखाली, मधे बरेच अंतर ठेवून आल्या आहेत. पण त्या एकच साखळी आहेत. पाण्यातला क्षार छिद्रे बुजवतो, छिद्रे बुजल्यावर ताटीवर कोरडा पट्टा पडतो, कोरड्या पट्ट्यातून ऊन हवा आत येते. तीन भागांचे एक वाक्य झाले, आणि ते वाक्य लेखात कुठेही या रूपात नव्हते.

आता जागा आणि साठवण. एक लेखाच्या सुरुवातीला आहे, दुसरी शेवटी. वरवर पाहता संबंध नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हवा आधीच ओली असेल तर ताटीवरचे पाणी फारसे उडत नाही. ती ओल बंद खोलीमुळे असेल तर दार उघडून जाते, पावसामुळे असेल तर जात नाही. पुन्हा दोन भागांचे एक वाक्य.

टाकी आणि डास यांचे नाते वेगळ्या प्रकारचे आहे. इथे कारण एक नाही, काम एक आहे. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासली की क्षारही साचत नाही आणि अंडीही निघतात. वायरिंगची ओळ कोणातच मिसळत नाही. ती तशीच एकटी ठेवायची. सगळे गुंफलेच पाहिजे असा हट्ट धरला की ‘त्याचप्रमाणे’, ‘तसेच’, ‘याशिवाय’ असे पोकळ जोड येतात.

सातांचे चार झाले. असा सारांश प्रस्तावनेची नक्कल होऊच शकत नाही, याचे कारणही इथेच आहे. प्रस्तावनेच्या वेळी वाचकाकडे हे तुकडे नव्हते, मग त्यांच्यातले नाते त्याला सांगणार कसे? क्षार आणि कोरडा पट्टा या दोन्हींबद्दल ज्याने वाचले आहे, त्यालाच त्यांची साखळी कळते.

एकही जोड सापडत नसेल, तर दोष बहुधा लेखात आहे. सात स्वतंत्र टिपा एका शीर्षकाखाली कोंबल्या असतील तर त्यांचा सारांश होत नाही. तिथे शेवटी कामांची छोटी यादी द्या आणि तिला समारोप म्हणू नका.

चौथी पायरी: क्रम बदला

लेखाचा क्रम समजावून सांगण्याच्या सोयीने लागलेला असतो: आधी जागा, मग भाग, मग धोके, मग साठवण. सारांशाचा क्रम वाचकाच्या गरजेने लावायचा. वाचक हा लेख पुन्हा कधी उघडेल? एप्रिलच्या एखाद्या दुपारी, कूलर चालू असून घाम निथळत असताना. तेव्हा त्याला ‘ताट्या’ हा शब्द सुचणार नाही. त्याला फक्त हवा कशी लागते आहे ते कळेल. म्हणून सुरुवात लक्षणापासून: हवा गरम लागते की चिकट? त्यावरून कारण, कारणावरून उपाय.

प्रत्येक लेखाला लक्षणांचा क्रम चालेल असे नाही. घरबांधणीच्या परवानग्यांवर लेख असेल तर तारखांचा क्रम लावा: आधी काय, मग कुठे जायचे. दोन गोष्टींची तुलना असेल तर ‘अमुक असेल तर हे, तमुक असेल तर ते’ असा निवडीचा क्रम. संत्राबागेच्या लेखात कोणता बहार, म्हणजे कोणत्या हंगामाचे पीक, धरायचे हे आधी येईल, कारण पाण्याचा ताण कधी द्यायचा हे त्यावर ठरते. एवढेच पाहायचे की सारांशाचा क्रम उपशीर्षकांच्या क्रमासारखा नसावा. तोच राहिला तर अनुक्रमणिका मागच्या दाराने परत आली समजा.

पाचवी पायरी: लिहा

बावीसशे शब्दांच्या लेखाला शंभर ते दीडशे शब्द पुरे होतात. दोनशेच्या पुढे गेलात तर मधला भाग पुन्हा सांगायला लागला आहात. पन्नासच्या आत आटोपत असेल तर गुंफण बहुधा झालेली नाही, नुसता निरोप घेतला आहे.

पहिले वाक्य थेट मुद्द्यावर येऊ द्या. ‘अशा प्रकारे’, ‘थोडक्यात सांगायचे तर’, ‘शेवटी एवढेच म्हणावेसे वाटते की’ यांतले काही लागत नाही. हा शेवटचा परिच्छेद आहे हे वाचकाला दिसते. क्रियापदे ‘पाहा’, ‘उघडा’, ‘काढा’ अशी आज्ञार्थी किंवा ‘बुजतात’, ‘शिरते’ अशी वर्तमानकाळी ठेवा. भूतकाळ आला की लेखाचा इतिहास सुरू होतो. जोडशब्द मात्र मोकळेपणी वापरा: तर, म्हणून, मात्र, तरीही. गुंफण दिसते ती याच लहान शब्दांत.

या रीतीने लिहिलेला पहिला मसुदा:

> कूलर चालू असून खोली थंड होत नसेल, तर आधी त्याच्यासमोर हात धरून पाहा. हवा गरम आणि कोरडी लागली, तर दोष पाण्याच्या वाटेत आहे: क्षाराने पन्हळीची छिद्रे बुजतात, ताटीवर कोरडा पट्टा राहतो आणि ऊन हवा तिथूनच शिरते. हवा ओलसर लागून अंग चिकचिकत असेल, तर कूलर आपले काम करतो आहे, हवेला बाहेर जायला वाट नाही. समोरचे दार वीतभर उघडा. दार उघडूनही चिकचिक राहिली आणि बाहेर आभाळ भरून आले असेल, तर तिथे कुठलीच दुरुस्ती कामाची नाही. दर आठवड्याला टाकी रिकामी करून भिंती घासण्याचे एकच काम क्षार आणि डासांची अंडी दोन्ही काढते. मात्र यातले काहीही करण्याआधी प्लग काढा.

प्रस्तावनेने विचारलेला प्रश्न इथे सुटला आहे, आणि ‘या प्रश्नाचे उत्तर आता मिळाले’ असे कुठे म्हणावे लागलेले नाही. नागपूर, उन्हाळा, पारा, निगा यांतला एकही शब्द आलेला नाही. तरी मसुद्यात दोन चुका आहेत, त्या पुढच्या पायरीत सापडतील.

सहावी पायरी: चार तपासण्या

पहिली, अदलाबदलीची. आता प्रस्तावनेवरचा पडदा काढा. सारांश उचलून प्रस्तावनेच्या जागी ठेवून वाचा. तिथे तो सहज बसला तर ती पुनरुक्ती आहे. वरचा पहिला, वाईट शेवट असा बसतो. ‘पाहिल्या’चे ‘पाहू’ केले की कोणाला शंका येणार नाही. नवा मसुदा बसत नाही, कारण पन्हळ कुठली आणि कोरडा पट्टा कसला हे नव्या वाचकाला कळणारच नाही. थोडे अडखळायला झालेच पाहिजे.

दुसरी, शब्दांची. दोन्ही परिच्छेदांत आलेली नामे आणि विशेषणे अधोरेखित करा. विषयाचे नाव, इथे ‘कूलर’, दोन्हीकडे येणारच. ‘टाकी’सारखा एखादा शब्दही चालतो. पण तीन-चार शब्दांचा अख्खा गट जुळला, जसे ‘अनेक वर्षे साथ देतो’ आणि ‘वर्षानुवर्षे गार हवा देत राहील’, तर खालचा काढा. समानार्थी शब्द घालून सुटका होत नाही. वाचकाला शब्द आठवत नाहीत, विचार आठवतो.

तिसरी, नव्या मालाची. सारांशातला प्रत्येक दावा, आकडा आणि कृती मधल्या भागात बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. इथे पहिली चूक सापडते. ‘कूलरसमोर हात धरून पाहा’ ही कृती लेखात कुठेच नव्हती. ती लिहिता लिहिता सुचली, आणि चांगली सुचली. असे वारंवार होते, कारण गुंफताना लिहिणाऱ्यालाच विषय नव्याने दिसतो. म्हणून ती खोडायची नाही. ताट्यांच्या भागात तिला दोन वाक्यांची जागा करून द्यायची: कूलर चालू ठेवून, जाळीपासून हातभर अंतरावर तळहात धरायचा आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवायचा. मग ती सारांशात आली तर जुनी ओळख म्हणून येते. उलट, नवी गोष्ट फक्त शेवटी ठेवली तर वाचक अडतो: हे आधी वाचायचे राहिले की काय, म्हणून वर शोधत बसतो.

चौथी तपासणी अटींची. वाक्य आटताना सर्वांत आधी अट गळते. ‘बहुतेक वेळा’ जाते, ‘लोखंडी कूलर असेल तर’ जाते, आणि लेखात जपून सांगितलेली गोष्ट शेवटी छातीठोक होऊन बसते. मसुद्यातली दुसरी चूक हीच. लेखात म्हटले होते, ‘टाकीला किंवा ताटीला हात लावण्याआधी प्लग काढायचा’. सारांशात त्याचे ‘यातले काहीही करण्याआधी’ झाले. पण हात धरून पाहायचे तर कूलर चालू हवा! प्लग काढून हवा कशी पाहणार? पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य एकमेकांना खोटे पाडतात. दुरुस्ती सोपी आहे: ‘मात्र टाकीला किंवा ताटीला हात लावण्याआधी प्लग काढा.’ शब्द वाढले, वाढू द्या. अर्थिंगची अटही गळली आहे. विजेच्या बाबतीत असे चालत नाही, म्हणून या दुरुस्त वाक्यापुढे आणखी एक छोटे वाक्य जोडावे: ‘अर्थिंग तपासलेले नसेल तर लोखंडी कूलर सुरूच करू नका.’

या चार तपासण्यांत वेळ कमी असेल तर तिसरी आणि चौथी सोडू नका. पुनरुक्तीने वाचक कंटाळतो एवढेच. चुकीच्या सारांशाने तो चुकीचे काम करतो, कारण घाईत असलेली बरीच माणसे लेखाचा शेवटच आधी वाचतात.

निष्कर्ष आधीच सांगून झाला असेल तर

काही लेखांची प्रस्तावनाच निकाल सांगते. ‘दोन खोल्यांच्या घराला एक मोठा कूलर घेण्यापेक्षा दोन लहान बरे’ असे पहिल्या परिच्छेदात म्हटले असेल, तर शेवटी तेच म्हणायला जागा उरत नाही. इथे सारांशाने निकाल न सांगता निकालाची हद्द सांगायची. कुठे हे लागू होत नाही? दोन्ही खोल्यांमध्ये मोठे दार असेल तर, दुसऱ्या खोलीला बाहेरची खिडकीच नसेल तर. मधल्या भागात या अटी विखुरलेल्या असतात. त्या शेवटी एका जागी आल्या की वाचकाला स्वतःचे घर कोणत्या बाजूला पडते ते कळते.

पाककृतीसारख्या, वाचता वाचता करत जाण्याच्या लेखाला सारांश लागतच नाही. शेवटची पायरी झाली की लेख संपला.

सातवी पायरी: आता प्रस्तावना दुरुस्त करा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. सारांश नीट जमल्यावर प्रस्तावना वाचली की तिच्यातला फालतू ऐवज उघडा पडतो. कूलरच्या प्रस्तावनेत असा ऐवज दोन ठिकाणी आहे. सात गोष्टींची यादी कशाला? उपशीर्षके ते काम करतातच. आणि ‘नीट निगा राखली तर तोच कूलर अनेक वर्षे साथ देतो’ हे वाक्य म्हणजे प्रश्न विचारून झाल्याबरोबर दिलेले गुळमुळीत उत्तर. त्याने प्रश्नाची धार जाते, आणि पहिल्या झटक्यात लिहिलेला शेवट बिघडवला तोही याच वाक्याने. पारा पंचेचाळिशीचे वाक्य नागपूरबाहेरच्या वाचकासाठी असेल तर ठेवा. नागपूरच्याच वाचकासाठी असेल तर काढा. उरते ते एवढे:

> मार्च उजाडला की नागपुरात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. ताट्या नव्या, पंप चालू, टाकी काठोकाठ. तरी गेल्या वर्षी गारेगार हवा देणारा तोच कूलर यंदा नुसता घूं-घूं करतो आणि खोली काही थंड होत नाही. पाणी आहे, वीज आहे, मग गारवा जातो कुठे?

‘ताट्या नव्या, पंप चालू’ ही ओळ सारांश लिहून झाल्यावरच सुचण्यासारखी आहे. पंप चालू असूनही ताटी कोरडी राहते हे खाली ठरले, म्हणून वर तो चालू दाखवता आला. गारवा जातो कुठे, हे विचारणारी प्रस्तावना आणि हवेत हात धरायला सांगणारा शेवट यांच्यामध्ये आता बावीसशे शब्द आहेत, आणि एकही वाक्य दोन्हीकडे नाही.